करंगळीशेजारचं बटण

आक्का चिडली की कोर्टकचेरीमागच्या टायपिस्टांच्या पत्र्याच्या शेडात सगळ्यात आधी चहावाल्या केरबाला कळायचं. चिडल्यावर ती चहा अर्धा प्यायची आणि उरलेला फेकायची, आणि तो नेमका केरबाच्या पायांपाशी पडायचा. त्या दिवशी साडेअकराच्या आत तीन कप पडले. तिसऱ्या कपाला केरबा बाकड्याच्या मागं जाऊन उभा राहिला आणि तिथूनच म्हणाला, "आक्का, कोण मेलं व्हय?"

"अजून न्हाय. पर आज मरणार हाय एकजण."

आक्का म्हणजे संघप्रिया वाघवेकर. साठी जवळ आलेली, अंगानं काटक, आवाजानं मात्र चौघींची. मूळची वाघव्याच्या बौद्धवाड्यातली. वडील शिरोलीच्या फाउंड्रीत ओतकाम करायचे. पोरीनं भट्टीपाशी उभं राहू नये म्हणून त्यांनी तिला दहावीनंतर टायपिंगच्या क्लासात घातलं. तिथले सर बटणांवर पुठ्ठ्याची टोपी घालून टाइप करायला लावत, म्हणजे बोटांकडं बघायची सोयच नाही. बाकीच्या पोरी त्या टोपीला शिव्या द्यायच्या. संघप्रियाला ती इतकी मानवली, की पुढं आयुष्यभर तिनं बोटांकडं पाहिलं नाही. तिचं लग्न ठरवताना मुलाकडच्यांनी विचारलं, "स्वयंपाक येतो का?" ही म्हणाली, "मिनिटाला चाळीस शब्द येतात." मुलगा एसटीत कंडक्टर होता, हसला आणि हो म्हणाला. चांगला माणूस होता बिचारा. त्याच्यावरही ती रोज चिडायची.

तर अशी ही आक्का शेडात एकतीस वर्षं बसलेली. समोर बसलेला पक्षकार बोलायचा, ती त्याच्या तोंडाकडं बघत टाइप करायची, आणि मध्येच त्याला झापायचीसुद्धा. "भावानं फसवलं म्हणतोस, मग सही करताना तू काय झोपला हुतास?" बोटं तिकडं चाललेलीच. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, तरी तिनं रीत सोडली नाही. पडद्याकडं बघून टाइप करणाऱ्याला ती टायपिस्ट म्हणायचीच नाही. "त्यो टीव्ही बघतोय," म्हणायची.

आणि तिथंच घात झाला.

झालं असं, की पृथ्वीराज वकिलांनी वाटपाच्या दाव्यातली अठरा पानांची कैफियत तिच्याकडं टाइप करायला दिली होती. पृथ्वीराज म्हणजे शेडातलं मोठं गिऱ्हाईक. आक्काच्या टेबलावरची तीनातली दोन कामं त्यांची. पानं छापली जात असतानाच ते आले, प्रिंटरमधून गरमागरम ओढून घेतली आणि धावत कोर्टात गेले. वाचली नाहीत. आक्कानंही वाचली नाहीत. न्यायाधीश साहेबांनी "चौथं पान वाचा" म्हटलं, आणि वकीलसाहेबांनी मोठ्या आवाजात सुरुवात केली, आणि थांबले. 'वादी' या शब्दाच्या जागी 'व्ज्ञछभ्' असं काहीतरी छापलेलं होतं. पुढचं सगळं पान तसंच. अक्षरांचे पाय मोडलेले आणि जिथं काना हवा तिथं ज्ञ. पानभर ज्ञच ज्ञ. गट नंबर आणि तारखा तेवढ्या ठणठणीत. म्हणतात, समोरच्या पक्षाचा वकील इतका हसला, की त्याच्या अशिलानं त्याला पाणी दिलं. साहेब हसले नाहीत, त्यांनी फक्त दुरुस्त प्रत आज कामकाज संपायच्या आत दाखल करा म्हणून सांगितलं.

पृथ्वीराज वकील काळ्या कोटातच शेडात आले. पानं टेबलावर आपटली.

"बाई, हे काय आहे?"

एकतीस वर्षांत पहिल्यांदा ते तिला 'बाई' म्हणाले. एरवी आक्का. आक्कानं ते ऐकलं आणि शेजारच्या चार टेबलांनीही ऐकलं.

"कागद हाय. बघून न्यायला डोळं न्हवतं तुमास्नी?"

"मी बघायचं? मग तुम्ही कशाला बसलाय इथं? कोर्टात तमाशा झाला माझा!"

"तमाशा तुमी वाचल्यामुळं झाला. मी लिवलेलं कुणी वाचून दावा म्हणलं न्हवतं."

वकिलांचं नाक लाल झालं. ते हळू बोलले, आणि हळू बोलणं हे त्यांचं ओरडण्यापेक्षा वाईट. "मी यात दुरुस्त्या केल्यात. सगळी पानं नव्यानं करावी लागतील. साडेचारला घ्यायला येतो. एका पानावर जरी हा ज्ञ निघाला, तर सोमवारपासून माझी एक फाईल इथं येणार नाही. सगळं स्वप्नालीच्या सेंटरला."

आणि गेले. स्वप्नालीचं सेंटर रस्त्यापलीकडं होतं. काचेचा दरवाजा, पंखा, फिरती खुर्ची. ती पडद्याकडं बघून टाइप करायची.

आता एक वकील गेला तर आक्काला काय फरक पडला असता, असं कुणी विचारेल. शेडाचा हिशेब साधा होता. ज्याच्याकडं वकील, त्याचं टेबल आत, पंख्याखाली. ज्याच्याकडं चुकार गिऱ्हाईक, त्याचं टेबल मुतारीच्या बाजूला. तिथं बसलेला टायपिस्ट सहा महिन्यांत घरी बसतो. आक्कानं हे दोघांचं होताना पाहिलं होतं, आणि त्यातल्या एकाचं होण्यात तिचाही हात होता. म्हणून तिला पक्कं ठाऊक होतं.

वकील दिसेनासे झाल्यावर आक्कानं फोन उचलला. "गुंडू, जसा हायस तसा ये. अंगावर बनियन असंल तर बनियनवर."

गुंडू म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, स्वतःला इंजिनियर म्हणवून घेणारा. तो शर्ट घालून आला. पानाकडं बघून हसू दाबायचा प्रयत्न केला, दाबलं गेलं नाही.

"हास. हास की. मग तुझी बत्तिशी मोजून देतो."

"आक्का, हे कॅप्स लॉक हाय. हितलं बटण." त्यानं डाव्या बाजूचं बटण दाखवलं. "तुझा फॉन्ट जुन्या टाइपरायटरसारखा. एकाच बटणावर साधं दाबलं तर एक अक्षर, शिफ्टनं दुसरं. कॅप्स लागलं की उलटं हुतं. काना दाबायला गेलीस तर ज्ञ उमटतो. आकड्यांना त्याचं काय न्हाय, म्हणून तुझं गट नंबर वाचलं."

"मी कशाला त्या बटणाला हात लावतोय?"

"लावतीस. अनुस्वार कुठल्या बटणावर हाय?"

आक्कानं न बघता डावी करंगळी टेकवली. अनुस्वाराचं बटण आणि कॅप्सचं बटण एकमेकांना खेटून. करंगळी मुळात वाकडी. कधीकाळी एका दुकानाच्या शटरमध्ये सापडून पेरातून बाहेर वळलेली. अनुस्वाराला जाताना तिची कड शेजाऱ्याला लागायचीच; एरवी हलकी, पण जोर पडला की बटण दाबलं जायचं. कैफियतीत अनुस्वार तरी किती! त्यांनी, यांनी, त्यांचं, यांचं. दर चार ओळींना एक धोका. कधीतरी पुढच्या धक्क्यानं ते बटण पुन्हा सुटायचं आणि मजकूर आपोआप सुधारायचा, म्हणून सगळी पानं बिघडली नव्हती, एकच बिघडलं होतं.

"आणि तुझ्या जुन्या मशीनवर काय हुयाचं?" गुंडूनं विचारलं.

"तिथं पण लॉक हुतं. पर लागलं तर शिफ्ट दाबली की सुटायचं. एकदा दाबलं, मोकळं."

"हितं न्हाय सुटत. हितं शिफ्ट दाबून काय उपेग न्हाय."

आक्का ह्यावर खरी चिडली. गेली दहा-बारा वर्षं काहीतरी वेगळं वाटलं की तिचा हात आपोआप शिफ्टवर एकदा पडायचा आणि ती पुढं जायची, सुटलं असेल म्हणून. आपला हात खोटं समाधान देत होता, हे तिला साठाव्या वर्षाच्या तोंडावर समजलं. "ज्यानं हे बनवलं त्याला माझ्यासमोर आण," ती म्हणाली.

"त्यो अमेरिकेत हाय, आक्का."

"मग त्याच्या नशिबात अजून दिवस हायत."

गुंडूनं पहिला उपाय काढला. सेटिंगमध्ये शिरला आणि टॉगल कीज नावाची एक गोष्ट चालू केली. "आता कॅप्स लागलं की मशीन आवाज करंल. लागताना बारीक, सुटताना जाड. तुला पडद्याकडं बघायची गरज न्हाय. कानानं कळंल." एवढं सांगून त्यानं ऐटीत ते बटण दाबलं. आवाज आला नाही. परत दाबलं. नाही. गुंडू घामाघूम. दहा मिनिटांनी त्याच्या ध्यानात आलं, की आक्काच्या मशीनला स्पीकरच नाही. आवाज होणार कशातून?

"इंजिनियर!" शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं.

तो दुकानातून जुना स्पीकर घेऊन आला, लावला, बटण दाबलं. टीं! इतका मोठा, की मुतारीच्या बाजूचा टायपिस्टही दचकला.

बारा वाजून गेले होते. छापून झालं की मजकूर पुसून टाकायची आक्काची रीत, त्यामुळं सगळं पहिल्यापासून. तिनं पहिलं पान सुरू केलं, रागात बोटं नेहमीपेक्षा जोरात पडत होती. वादी हे मौजे अमुक गावचे रहिवासी असून त्यांचे... टीं!

आक्कानं बटण परत दाबलं. टूं. पुढं टाइप करू लागली. टीं! टूं.

"दोन झालं," केरबा किटली हातात घेऊन म्हणाला.

"काय दोन?"

"काय न्हाय, आक्का. मोजतूया."

आता जत्रा सुरू झाली. एकतीस वर्षं जी बाई दुसऱ्यांच्या चुका ओरडून सांगायची, तिच्या चुका आता मशीन ओरडून सांगत होतं, तेही सगळ्या शेडाला. तिसऱ्या टींला स्टँपवेंडर खोकला. चौथ्याला कुणीतरी "लागली!" म्हटलं, कबड्डीत म्हणतात तसं. पाचव्याला दोन पक्षकार बाहेरून डोकावले, त्यांना वाटलं आत कसला तरी नंबर पुकारतायत. केरबा पलीकडं स्वप्नालीला चहा द्यायला गेला आणि परत आला तेव्हा गालात हसत होता.

"काय सांगून आलास तिला?"

"कायबी न्हाय. ती इचारत हुती, आज शेडात कोंबड्या कुणी आणल्यात."

आक्का उठली. स्पीकरची वायर धरली आणि एका झटक्यात अशी ओढली, की स्पीकर टेबलावरून खाली लोंबकळला. मग ती गुंडूकडं वळली. तो पळायच्या बेतात होता, पण वाट बाकड्यानं अडलेली.

"गुंड्या, मला चूक झाल्यावर बोंब मारणारं काय नगं. चूक हुऊच न देणारं पायजे."

"मग पडद्याकडं बघत जा की, आक्का. सगळं जग बघतंय."

असं म्हणायला नको होतं. आक्कानं त्याला जे सांगितलं त्यातलं निम्मं छापण्याजोगं नाही. उरलेल्या निम्म्यात एवढं होतं, की पडद्याकडं बघून टाइप करायला लागलं तर पक्षकाराच्या तोंडाकडं कोण बघणार? तोंडाकडं न बघता लिहिलं तर तो खोटं कुठं बोलतोय ते कसं कळणार? "माणूस थुका गिळतो तिथं मी थांबतो आणि परत इचारतो. ते तुझ्या पडद्यात दिसतंय व्हय?" बोलताना तिचा आवाज जरासा चिरकला. तिचा तिलाच राग आला, म्हणून ती आणखी मोठ्यानं ओरडली.

एक वाजला होता. टेबलावर दीड पान.

गुंडू थोडा वेळ टक्कल खाजवत बसला. "बटणच मारून टाकतो," तो म्हणाला. "म्हणजे दाबलं तरी मशीनला कळणारच न्हाय. मेलेलं."

"आणि इंग्रजी?"

ते गुंडूच्या डोक्यात नव्हतं. आक्का दिवसातून दहा वेळा इंग्रजीही टाइप करायची. पासपोर्टचे अर्ज, नावबदलाची गॅझेटं, कोर्टातली शीर्षकं. तिथं नावं सगळी मोठ्या अक्षरांत लागतात. बटण मेलं तर पूर्ण नाव शिफ्ट धरून टाइप करायचं, आणि ते वाकड्या करंगळीला जड. "इंग्रजीला पायजे, मराठीला नगं," ती म्हणाली. "माझ्या हाताखाली नगं. लांब पायजे."

"लांब म्हणजे?"

आक्कानं खाली बघितलं. चाळीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच तिनं बटणांकडं नीट पाहिलं. वरच्या रांगेत अगदी उजव्या टोकाला, जिथं तिची कुठलीच करंगळी जात नव्हती, एक बटण धुळीनं राखाडी झालं होतं.

"ह्ये काय करतं?"

"स्क्रोल लॉक. कायच करत न्हाय, आक्का. माझ्या उभ्या जन्मात तुझ्यासारख्या माणसानं दाबल्यालं बघितलं न्हाय."

"मग त्याला लाव कामाला. फुकट बसून खातंय एवढी वर्षं."

गुंडूच्या तोंडावर जो उजेड पडला तो बघण्यासारखा होता. त्यानं बाकडं ओढलं आणि विंडोजच्या पोटात शिरला. तिथं बटणांची एक यादी घातली. कॅप्सच्या जागी काहीच नाही, आणि स्क्रोल लॉकच्या जागी कॅप्स. दोन ओळींचं काम, पण एकेक अंक तपासून लिहावा लागतो. तो तपासत होता, आक्का त्याच्या मानेवर श्वास सोडत होती.

"झालं," तो म्हणाला.

आक्कानं जुनं बटण दाबलं. लाल दिवा लागला. कॅप्स चालूच.

"झालं म्हणतोस? ह्ये झालं? गुंड्या, ह्याच शेडात तुझं टक्कल..."

"आक्का, थांब की जरा! मशीन बंद करून चालू केल्याबगर लागू हुत न्हाय ते!"

मशीन बंद झालं, पुन्हा चालू व्हायला लागलं. गोल गोल फिरणारं ते चक्र आक्का अशी बघत होती, जणू चक्रालाही जाब विचारणार आहे. चालू झाल्यावर तिनं जुनं बटण दाबलं. काही नाही. दोनदा, तीनदा, मूठ आपटली. काही नाही. धुळीचं बटण दाबलं. दिवा लागला. पुन्हा दाबलं. विझला.

तिनं चष्मा पुसला आणि खुर्ची पुढं ओढली. गुंडूला हे शिव्यांपेक्षा बरं वाटलं, त्यानं स्पीकर काखोटीला मारला आणि निघाला.

"कुठं चाललास? ते आवाजाचं बंद केलंस का?"

"केलं."

"मग जा."

पावणेदोन ते चार. त्या सव्वादोन तासांत आक्काच्या टेबलावर कुणी बोलायला गेलं नाही. केरबानं चहा लांबूनच ठेवला. मजकूर वाचून दाखवायला तिनं शेजारच्या टेबलावरच्या अनुजाला बसवलं, आणि वाचताना ती अडखळली की "गिळू नगंस, वाच" म्हणून दरडावलं. करंगळी अनुस्वाराला जात होती, शेजाऱ्याला लागत होती, आणि काहीच होत नव्हतं. वकिलांच्या लाल दुरुस्त्यांवर तिचा राग वेगळा. अकराव्या पानावर त्यांनी खोडलेलं वाक्य पुन्हा आणून जोडलं होतं. "ह्याला कोण वकील केलं?" ती म्हणाली, तरी टाइप केलं. शेवटी प्रत्येक पान तिनं स्वतः वाचलं. पडद्यावर नाही, कागदावर, बोट ठेवून. अठरा पानं, एकही ज्ञ नाही. जिथं 'प्रतिज्ञा' होतं तिथं होता तेवढाच.

साडेचारला पृथ्वीराज वकील आले. उभ्या उभ्या सगळी पानं चाळली. मग खुर्ची ओढून बसले आणि खरोखर वाचली. सापडलं काही नाही. ते त्यांना आवडलंही आणि नाहीही.

"शेवटी माझं नाव इंग्रजीत मोठ्या अक्षरांत हवं. सरका, मीच टाकतो, वेळ नाही."

आक्का सरकली. इतक्या पटकन सरकली, की शेडातल्या जाणत्यांनी मान वर केली. अनुजानं फॉन्ट बदलून दिला. वकिलांनी डावीकडचं बटण दाबलं आणि टाइप केलं. अक्षरं बारीक उमटली. त्यांनी खोडलं, बटण पुन्हा दाबलं, टाइप केलं. बारीक. पुन्हा.

"हे बंद पडलंय."

"न्हाय."

"दाबतोय की मी!"

"दाबा की."

वकिलांनी चार वेळा दाबलं. घड्याळात पाचला आठ मिनिटं कमी. केरबा किटली घेऊन जवळ आला, गरज नसताना.

"आक्का, कुठलं बटण आहे?"

'आक्का' म्हणाले. आक्कानं ते ऐकलं, पण तेवढ्यावर ती कसली विरघळते? "ते माझ्या टेबलाचं हाय. दावायचं न्हाय. सोमवारी काम कुठं येणार ते आधी सांगा."

"इथंच."

"शेडाला ऐकू आलं न्हाय."

पृथ्वीराज वकिलांनी कोर्टात काढतात तो आवाज काढला. "इथंच! सोमवारी इथंच येणार! आता टाइप करा, नाहीतर मी इथंच बसून दावा हरतो!"

आक्कानं उजवा हात पार टोकाला नेला, एक बटण दाबलं, समोर बघत त्यांचं नाव टाइप केलं, पुन्हा तिकडं हात नेऊन दाबलं. बोट इतकं झटकन गेलं, की वकिलांना दिसलं नाही. प्रिंटरनं शेवटचं पान बाहेर फेकलं. वकिलांनी ते उचललं. आक्कानं त्यांची काळी बाही धरली.

"वाचा."

"पाच मिनिटं राहिलीत हो!"

"वाचा म्हणतोय न्हवं."

त्यांनी वाचलं. आपलंच नाव, तीन शब्द, ओठ हलवत. मग धावले.

पाच वाजून गेल्यावर वकिलांचा कारकून आला, सोमवारच्या दोन फायली ठेवून गेला, आणि कैफियत दाखल झाल्याचंही सांगून गेला. आक्कानं वरची फाईल उघडली. पहिल्या पानावर पृथ्वीराज वकिलांचं हस्ताक्षर होतं, मुंगी शाईत बुडवून सोडावी तसं. तिनं चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा डोळ्यांवर आणला.

"ह्ये काय अक्षर हाय व्हय?" ती कडाडली. "अनुजा! लाव त्याला फोन. म्हणावं, पळून गेलास तरी सोडत न्हाय, हितं येऊन वाचून दाव!"